स्प्रिंट आढावा

स्प्रिंट आढावा ही स्क्रम या कार्यपद्धतीत प्रत्येक स्प्रिंटच्या अखेरीस होणारी बैठक होय. सॉफ्टवेअर घडवणारा चमू त्या स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेले काम या बैठकीत हितसंबंधी व्यक्तींसमोर प्रत्यक्ष चालवून दाखवतो आणि त्यावर त्यांचे अभिप्राय घेतो. त्या अभिप्रायांच्या आधारे उत्पादनाच्या उर्वरित कामांची क्रमवार यादी, म्हणजे प्रॉडक्ट बॅकलॉग, सुधारली जाते. बैठकीचे फलित म्हणून काही हाती लागायचे असेल, तर ते ही बदललेली यादी होय. प्रात्यक्षिक हे तिच्यापर्यंत पोहोचण्याचे साधन आहे. प्रस्तुत नोंदीत प्रात्यक्षिकाची तयारी आणि अभिप्रायांचे बॅकलॉगमधील नोंदींत होणारे रूपांतर, या दोन अंगांचा मुख्यतः विचार केला आहे.

## संज्ञा

मूळ इंग्रजी संज्ञा 'स्प्रिंट रिव्ह्यू' अशी असून मराठी भाषक संगणक अभियंत्यांच्या बोलण्यात ती बहुधा 'रिव्ह्यू' किंवा नुसती 'डेमो' म्हणून येते. यांपैकी दुसरे नाव सुटसुटीत असले तरी काहीसे दिशाभूल करणारे आहे, कारण त्यातून एका बाजूने दाखवायचे आणि दुसऱ्या बाजूने पाहायचे असा अर्थ सूचित होतो. 'स्टेकहोल्डर' या शब्दासाठी मराठीत पुष्कळदा 'भागधारक' हा प्रतिशब्द वापरला जातो, तोही येथे योग्य नाही. भागधारक म्हणजे कंपनीचा किंवा संस्थेचा भाग विकत घेतलेली व्यक्ती. येथे अभिप्रेत असलेल्या व्यक्ती म्हणजे प्रत्यक्ष वापरकर्ते, खर्चाला मंजुरी देणारे, हिशेब तपासणारे आणि उत्पादन बाजारात नेणारे, अर्थात ज्यांचे हित त्या उत्पादनाशी बांधलेले आहे अशा सर्व व्यक्ती. म्हणून या नोंदीत 'हितसंबंधी' हा शब्द योजला आहे.

## स्क्रममधील स्थान

स्क्रमची मांडणी केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ साली अमेरिकेतील एका संगणकशास्त्रीय परिषदेत प्रथम जाहीरपणे केली. या दोघांनीच लिहिलेल्या 'स्क्रम गाइड' या मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती २०१० साली निघाली. नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीनुसार स्प्रिंट आढावा हा स्प्रिंटमधील शेवटून दुसरा प्रसंग असून त्यानंतर चमूच्या स्वतःच्या कार्यपद्धतीचा विचार करणारे सिंहावलोकन होते. एका महिन्याच्या स्प्रिंटसाठी आढाव्याची कमाल मर्यादा चार तासांची आहे. स्प्रिंट लहान असेल तर आढावाही सहसा लहान असतो. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटसाठी एक ते दोन तास ठेवण्याची प्रथा आहे.

मार्गदर्शिकेतील तीन गोष्टी येथे महत्त्वाच्या ठरतात. आढावा ही कामाची बैठक असून ती सादरीकरणापुरती मर्यादित ठेवू नये, ही पहिली. जे काम 'पूर्णत्वाच्या व्याख्ये'त बसत नाही ते आढाव्यात दाखवूही नये, ते बॅकलॉगमध्ये परत जावे, ही दुसरी. आढावा म्हणजे उत्पादन वापरात आणण्यापूर्वीचा परवान्याचा नाका नव्हे, ही तिसरी. काम पूर्ण असेल तर ते आढाव्याच्या आधीही वापरकर्त्यांच्या हाती देता येते. अनेक कार्यालयांत मात्र आढाव्याचे रूप परीक्षेसारखे होते. वरिष्ठ पास-नापास ठरवतात आणि चमू बचावाच्या पवित्र्यात बसतो. अशा बैठकीत खरे अभिप्राय मिळत नाहीत, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

बॅकलॉगचा क्रम ठरवण्याचे उत्तरदायित्व एकट्या प्रॉडक्ट ओनरचे असते. हितसंबंधी सुचवू शकतात, आग्रह धरू शकतात, परंतु यादीत काय जाईल आणि कोठे बसेल याचा निर्णय प्रॉडक्ट ओनर घेतो.

## प्रात्यक्षिकाची तयारी

### काय दाखवायचे

तयारीची सुरुवात काय दाखवायचे यापेक्षा काय वगळायचे येथून होते. पूर्णत्वाची व्याख्या म्हणजे एखादे काम पूर्ण झाले असे म्हणण्यापूर्वी चमूने मान्य केलेल्या अटी. उदाहरणार्थ, आज्ञावली दुसऱ्या सहकाऱ्याने तपासलेली असणे, स्वयंचलित चाचण्या उत्तीर्ण असणे आणि काम चाचणी-यंत्रणेवर बसवलेले असणे. नव्वद टक्के झालेले काम दाखवण्याचा मोह मोठा असतो, पण त्याची किंमत नंतर मोजावी लागते. पडद्यावर जे दिसले ते झाले, असेच पाहणाऱ्यांना वाटते, आणि उरलेल्या दहा टक्क्यांना पुढच्या स्प्रिंटमध्ये वेळ का लागतो हे नंतर कोणालाही पटवून देता येत नाही.

उरलेल्या कामांची मांडणी स्प्रिंटच्या उद्दिष्टाभोवती करावी लागते. कामांच्या यादीतील क्रमांकांनुसार एकेक गोष्ट दाखवत गेल्यास पाहणाऱ्याला सुटे तुकडे दिसतात. त्याऐवजी वापरकर्त्याच्या दिवसातील एखादा प्रसंग निवडून तो आरंभापासून शेवटपर्यंत चालवला, तर मधल्या फटी आपोआप उघड्या पडतात. यादीतील ज्या कामांना दिसण्यासारखे काही नाही, उदाहरणार्थ माहितीसाठ्याची फेररचना, त्यांचा उल्लेख एका वाक्यात करून पुढे जाणे इष्ट.

### कोणत्या माहितीवर दाखवायचे

प्रात्यक्षिकाचे यश पडद्यापेक्षा त्यात भरलेल्या माहितीवर अधिक अवलंबून असते. 'अबक', 'टेस्ट १', 'टेस्ट २' अशा नोंदी पाहून वापरकर्ता फार तर रंगांबद्दल बोलतो. स्वतःच्या कामातील आकडे दिसले की तो आकडे तपासू लागतो. म्हणून शक्य तेथे खऱ्या नोंदी घ्याव्यात आणि त्यांतील नावे, दूरध्वनी क्रमांक व बँक खाती बदलून टाकावीत. या नोंदींत नेहमीच्या बाबींबरोबर अडचणीच्या बाबीही असल्या पाहिजेत. त्या कोणत्या, हे चमूला बहुधा ठाऊक नसते. त्यामुळे नमुना निवडण्याचे काम शक्यतो वापरकर्त्याकडूनच करून घ्यावे.

### रंगीत तालीम

आढाव्याच्या आदल्या दिवशी, ज्या यंत्रावर आणि ज्या जागी प्रात्यक्षिक होणार आहे तेथेच, संपूर्ण प्रसंग एकदा चालवून पाहिला जातो. विकासकाच्या संगणकावर चालणारी गोष्ट सभागृहातील संगणकावर न चालण्याची कारणे ठरावीक असतात. प्रवेशाचा सांकेतिक शब्द मुदत संपल्याने बाद झालेला असतो, छपाईयंत्राचा चालक बसवलेला नसतो, प्रक्षेपकावर अक्षरे वाचता येत नाहीत, किंवा तालमीनंतर कोणीतरी नवी आवृत्ती बसवलेली असते. यांपैकी शेवटचे कारण सर्वांत त्रासदायक असते. म्हणून तालमीपासून आढाव्यापर्यंत त्या यंत्रणेवर काहीही नवे बसवायचे नाही, असा नियम चमू करतात. तालमीत भरलेल्या नोंदी पुसून माहितीसाठा मूळ स्थितीत आणण्याची आज्ञाही तयार ठेवावी लागते, अन्यथा आढाव्यात दुसऱ्यांदा तीच नोंद करताना 'ही नोंद आधीच आहे' असा संदेश येतो.

तयारी किती करावी यालाही मर्यादा आहे. श्वेबर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातील नियमांत चमूने आढाव्याच्या तयारीवर एका तासाहून अधिक वेळ खर्च करू नये असे म्हटले होते. आज ही मर्यादा अक्षरशः पाळली जात नसली तरी तिच्यामागील विचार टिकून आहे. तयारीला दोन-दोन दिवस लागत असतील, तर काम खऱ्या अर्थाने पूर्ण झालेले नसून ते दाखवण्यापुरते जुळवले जात आहे, असे समजण्यास जागा असते.

### कोणाला बोलवायचे

निमंत्रणे प्रॉडक्ट ओनर पाठवतो. त्या स्प्रिंटच्या उद्दिष्टाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे असे निदान एक-दोन जण उपस्थित असणे आवश्यक असते. केवळ विभागप्रमुख आले तर अभिप्राय मिळतात, पण ते ऐकीव असतात. निमंत्रणासोबत कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे हे एका ओळीत लिहिल्यास येणारे त्या तयारीने येतात. 'नवीन सुविधांचे सादरीकरण' या विषयापेक्षा 'सकाळच्या गर्दीत एका सभासदाची नोंद या पद्धतीने पुरेशी लवकर होते का' हा विषय अधिक उपयुक्त ठरतो.

## एक उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक आहे, परंतु त्यातील व्यवहार महाराष्ट्रातील गावपातळीवरच्या सहकारी दूध संस्थांच्या कामकाजाला धरून आहे. अशा संस्थेत सभासद सकाळी व संध्याकाळी दूध आणतात. दुधाचे माप घेतले जाते, नमुन्यातील फॅट व एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ, यंत्राने तपासले जातात आणि त्यांवरून दरपत्रकाप्रमाणे दर ठरतो. पुष्कळ ठिकाणी दर दहा दिवसांनी बिल निघते व त्यातून पशुखाद्याची आणि उचलीची रक्कम वळती होते. एका वेळची नोंद चुकली तर ती चूक दहा दिवसांनी सभासदाच्या हातात पडणाऱ्या पैशांत दिसते.

समजा, एक चमू अशा संस्थांसाठी संकलनाची प्रणाली तयार करत आहे. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटचे उद्दिष्ट 'एका पाळीचे संपूर्ण संकलन वहीशिवाय व्हावे व प्रत्येक सभासदाला छापील पावती मिळावी' असे आहे. हाती घेतलेल्या पाच कामांपैकी चार पूर्ण झाली. ती म्हणजे सभासद क्रमांकावरून नोंद, फॅट-एसएनएफवरून दराची आकारणी, पावतीची छपाई आणि पाळीअखेरचा गोषवारा. पाचवे काम मराठीतून लघुसंदेश पाठवण्याचे होते. संदेश जात होते, पण जोडाक्षरे काही मोबाइलवर तुटून दिसत होती. चाचणी उत्तीर्ण नसल्याने ते काम प्रात्यक्षिकातून वगळले गेले, आणि ते का वगळले हे बैठकीच्या आरंभी सांगण्यात आले.

चमूने संस्थेच्या वहीतील एका सकाळच्या बारा सभासदांच्या नोंदी घेऊन तालीम केली. सर्व आकडे जुळले. आढाव्याला संस्थेचे सचिव, एक संचालक, लेखापरीक्षक आणि एक दूध उत्पादक सभासद उपस्थित होते. पहिल्या तीन नोंदी विकासकाने केल्यानंतर कळफलक सचिवांकडे देण्यात आला. सचिव त्या दिवशी सकाळची वही बरोबर घेऊन आले होते. त्यांनी चमूचा नमुना बाजूला ठेवून वहीतील नोंदी भरायला सुरुवात केली. खरा आढावा येथे सुरू झाला असे म्हणता येईल.

चौथ्या नोंदीला अडचण आली. सभासद क्रमांक ४७ याने गाईचे ५.२ लिटर आणि म्हशीचे ३.१ लिटर दूध घातले होते. म्हशीच्या दुधाची नोंद करताच गाईच्या दुधाची नोंद नाहीशी झाली. प्रणालीत दिनांक, पाळी व सभासद क्रमांक या तिघांवरून नोंद ओळखली जात होती आणि दुधाचा प्रकार त्या ओळखीत धरलेला नव्हता. त्यामुळे दुसरी नोंद पहिलीवर लिहिली गेली. चमूने निवडलेले बाराही सभासद फक्त गाईचे दूध घालणारे असल्याने तालमीत हे दिसले नव्हते.

## अभिप्रायांची नोंद

अभिप्राय टिपण्याचे काम प्रात्यक्षिक देणाऱ्या व्यक्तीकडे नसावे, कारण ती व्यक्ती उत्तरे देण्यात गुंतलेली असते. टिपणारा वेगळा असतो आणि तो चार गोष्टी लिहितो. कोण बोलले, कोणती कृती चालू असताना बोलले, नेमके कोणत्या शब्दांत बोलले आणि बोलण्याव्यतिरिक्त काय केले. यांतील शेवटची गोष्ट पुष्कळदा सुटते. वर दिलेल्या उदाहरणात सचिव आकडे भरताना प्रत्येक वेळी उजवा हात कळफलकावरून उचलून माऊस शोधत होते. याबद्दल ते काहीही बोलले नाहीत, पण टिपणात ते आले.

अभिप्राय मिळताच तो मान्य करणे किंवा खोडून काढणे, दोन्ही टाळावे लागते. 'होईल, पुढच्या वेळी करून देतो' हे वाक्य सौजन्याचे वाटते, परंतु त्यातून प्रॉडक्ट ओनरच्या संमतीवाचून वचन दिले जाते. उलट 'तुम्ही सांगितले होते तसेच केले आहे' असे म्हटले की पुढचा अभिप्राय येतच नाही. उपयुक्त ठरतो तो साधा प्रश्न, 'हे शेवटचे कधी लागले होते?' त्याच्या उत्तरात मत येत नाही, घडलेली घटना येते.

या आढाव्याच्या टिपणात पुढील बाबी आल्या. सचिव म्हणाले, "मॅडम, हे हिरवे बटण मोठे करा." त्यांनीच पुढे चुकलेली नोंद बदलता आली पाहिजे असे सांगितले. लेखापरीक्षकांनी त्याला तेथेच आक्षेप घेतला. पावती सभासदाच्या हातात गेल्यावर आकडा बदलता येत असेल तर हिशेबावर विश्वास कसा ठेवायचा, असा त्यांचा प्रश्न होता. सभासदाने पावतीवर फॅट दिसते पण दर दिसत नाही, याकडे लक्ष वेधले. संचालकांनी शेतकऱ्यांसाठी मोबाइल ॲप काढण्याची सूचना केली. पाळीअखेरच्या गोषवाऱ्याबद्दल कोणीच काही बोलले नाही.

## अभिप्रायापासून बॅकलॉग नोंदीपर्यंत

### मागणी आणि गरज

हितसंबंधी बहुधा उपाय सांगतात, अडचण सांगत नाहीत. यात त्यांचा दोष नाही, कारण समोर पडदा असतो आणि पडद्यात बदल सुचवणे सोपे असते. तो उपाय जसाच्या तसा बॅकलॉगमध्ये लिहिला तर चमू नेमके तेवढेच करतो आणि अडचण राहून जाते. म्हणून रूपांतराची पहिली पायरी म्हणजे मागणीमागील गरज शोधणे.

हिरव्या बटणाचेच पाहता येईल. ते मोठे करण्याचे काम अर्ध्या तासाचे होते. बैठकीनंतर प्रॉडक्ट ओनरने सचिवांना संकलनाच्या वेळी काय काय हाताळावे लागते हे विचारले. एका हातात नमुन्याची बाटली असते, दुसरा हात बहुधा ओला असतो आणि रांगेतील पुढचा माणूस किटली पुढे सरकवत असतो, असे उत्तर मिळाले. टिपणातील माऊस शोधण्याचे निरीक्षण याच्याशी जुळले. गरज मोठ्या बटणाची नव्हती, माऊसशिवाय नोंद पूर्ण करता येण्याची होती. बॅकलॉगमध्ये गेलेली नोंद त्यामुळे अशी झाली: सचिवाला केवळ अंकांच्या कळा व एंटर यांच्या साहाय्याने, एका हाताने, सभासद क्रमांकापासून पावतीपर्यंतची नोंद पूर्ण करता यावी. हिरव्या बटणाचा तीत उल्लेखही नव्हता. सचिवांना हे कळवताना बटण तेवढेच राहणार आहे पण त्याची गरज पडणार नाही, असे सांगावे लागले.

### परस्परविरोधी अभिप्राय

दुरुस्तीच्या प्रश्नावर सचिव व लेखापरीक्षक यांची मागणी एकमेकींच्या विरुद्ध होती. अशा वेळी दोहोंपैकी अधिकाराने मोठ्या व्यक्तीचे ऐकणे किंवा मधला मार्ग म्हणून 'दहा मिनिटांपर्यंत बदल करता येईल' असे काहीतरी ठरवणे, हे दोन्ही उपाय वरवरचे असतात. गरजा वेगळ्या काढून पाहिल्या तर विरोध बहुधा विरघळतो. सचिवांना योग्य आकड्यावर बिल निघायला हवे होते, तर लेखापरीक्षकांना मूळ आकडा नाहीसा होऊ द्यायचा नव्हता. हिशेबाच्या वहीत चुकीची नोंद खोडत नाहीत, उलट नोंद करून ती रद्द करतात. तीच रीत येथे लागू पडली. तयार झालेली बॅकलॉग नोंद पुढीलप्रमाणे होती.

> शीर्षक: छापील पावतीनंतरची दुरुस्ती
>
> गरज: चुकीने भरलेला फॅट, एसएनएफ किंवा लिटरचा आकडा सचिवाला दुरुस्त करता यावा आणि मूळ आकडा लेखापरीक्षणासाठी कायम राहावा.
>
> आधार: स्प्रिंट आढाव्यात सचिव व लेखापरीक्षक यांचे अभिप्राय.
>
> स्वीकृतीचे निकष: मूळ नोंद पुसली जात नाही, तिच्यावर 'रद्द' असा शेरा येतो. दुरुस्तीचे कारण लिहिल्याशिवाय नवी नोंद होत नाही. नव्या पावतीवर मूळ पावतीचा क्रमांक छापला जातो. दहा दिवसांच्या बिलात केवळ नवी नोंद धरली जाते. बिल निघून गेल्यानंतर दुरुस्ती करता येत नाही.

यातील शेवटचा निकष दोघांपैकी कोणीही मागितलेला नव्हता. नोंद लिहिताना 'बिल निघाल्यानंतर चूक सापडली तर?' असा प्रश्न विकासकाने विचारला आणि ती फरकाची रक्कम पुढील बिलात धरण्याचे वेगळे काम निघाले. ते वेगळी नोंद म्हणून यादीत खाली ठेवण्यात आले. स्वीकृतीचे निकष लिहिण्याचा खरा उपयोग असा असतो. ते कागदावर येईपर्यंत सर्वांना एकच गोष्ट समजली आहे असे वाटत राहते.

नोंदीत 'आधार' हा रकाना ठेवण्याची पद्धत सर्वत्र नाही, पण ती उपयुक्त आहे. तीन महिन्यांनी ती नोंद हाती घेताना कोणाला जाऊन विचारायचे हे त्यावरून कळते.

### दोष, लहान बदल आणि मोठ्या कल्पना

सर्व अभिप्राय एकाच प्रकारच्या नोंदी होत नाहीत. सभासद क्रमांक ४७ ची नाहीशी झालेली नोंद हा सरळसरळ दोष होता. त्यात गरज शोधण्यासारखे काही नव्हते. दोष पुन्हा कसा घडवता येतो, अपेक्षित काय होते आणि घडले काय, एवढे लिहिणे पुरेसे होते. मात्र त्याच्यासोबत आणखी एक प्रश्न नोंदवला गेला. एकच सभासद एका पाळीत गाईचे दूध दोन वेळा आणू शकतो का? सचिवांनी होकार दिला. सकाळी घरातील दोघे वेगवेगळ्या वेळी येतात, असे त्यांनी सांगितले. नोंदीच्या ओळखीत केवळ दुधाचा प्रकार मिळवून दोष अर्धाच दुरुस्त झाला असता. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र पावती क्रमांक हीच ओळख देणे आवश्यक होते.

पावतीवर दर छापण्याची मागणी आणि तिच्यामागची गरज एकच होती. असे अभिप्रायही असतात आणि त्यांच्यावर वेळ घालवण्याचे कारण नसते. ती लहान नोंद म्हणून तशीच लिहिली गेली.

मोबाइल ॲपची सूचना दुसऱ्या टोकाची होती. ती नोंद म्हणून लिहिली तर 'शेतकऱ्यांसाठी ॲप' अशी एक अवाढव्य ओळ यादीत वर्षभर पडून राहते. अशा ओळींनी बॅकलॉग फुगतो आणि पुढे कोणीच तो वाचत नाही. प्रॉडक्ट ओनरने संचालकांना ॲपमधून सभासदाला काय कळावे असे विचारले. आपले दहा दिवसांचे दूध किती झाले आणि बिल किती येणार, हे कळावे, असे उत्तर आले. यावरून सभासदांना ही माहिती आज कोठून मिळते हे पाच-सहा सभासदांना भेटून पाहण्याचे, एका दिवसाच्या मर्यादेचे शोधकाम नोंदवले गेले. ॲप करायचे की पावतीवरच चालू बेरीज छापायची, हा निर्णय त्यानंतरसाठी ठेवण्यात आला.

गोषवाऱ्याबद्दल कोणी बोलले नाही, हेही दुर्लक्षिण्यासारखे नाही. मौनाचा अर्थ पसंती असा लावण्याची चूक सर्रास होते. प्रॉडक्ट ओनरने नंतर विचारले तेव्हा संस्थेला तो गोषवारा तालुक्याच्या संघाला ठरावीक नमुन्यात द्यावा लागतो आणि चमूचा नमुना वेगळा आहे, असे समजले. बैठकीत कोणी बोलले नाही, कारण तो कागद भरणारा कारकून बैठकीला नव्हता.

### क्रम

नव्या नोंदी यादीच्या तळाशी घातल्या तर आढाव्याचा परिणाम दिसायला महिने लागतात आणि सर्व वर घातल्या तर जुने नियोजन कोसळते. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदींच्या तुलनेत कोठे बसते हे पाहावे लागते. या उदाहरणात दोष सर्वांत वर गेला, कारण त्यामुळे सभासदाचे पैसे बुडत होते आणि तो दुरुस्त होईपर्यंत प्रणाली एकाही संस्थेत सुरू करणे शक्य नव्हते. दुसऱ्या स्थानी माऊसविरहित नोंद आणि तिसऱ्या स्थानी पावतीनंतरची दुरुस्ती आली.

अपूर्ण राहिलेल्या लघुसंदेशाच्या कामाचे काय झाले हे अधिक बोलके आहे. अपूर्ण काम आपोआप पुढील स्प्रिंटमध्ये ओढून नेण्याची सवय अनेक चमूंना असते. येथे ते बॅकलॉगमध्ये परत गेले आणि नव्याने तोलले गेले. आढाव्यात सभासदाने छापील पावती घडी करून खिशात ठेवताना, बिलाच्या दिवशी सगळ्या पावत्या जुळवून बघतो, असे सहज सांगितले होते. म्हणजे लघुसंदेशाचे काम पावतीने बऱ्याच अंशी केले होते. ते काम सातव्या स्थानी गेले, जरी त्यावर चार दिवसांचे श्रम आधीच खर्च झाले होते.

पुढील आढाव्याच्या आरंभी मागील आढाव्यातील प्रत्येक अभिप्रायाचे काय झाले हे थोडक्यात सांगितले जाते, नाकारलेल्या अभिप्रायांचेही. ही पाच मिनिटे वगळली तर तिसऱ्या-चौथ्या आढाव्यापासून उपस्थिती रोडावू लागते. आपले बोलणे कोठे जाते हे न कळलेला माणूस पुन्हा वेळ काढून येत नाही.

## मर्यादा

प्रात्यक्षिकात एका वेळी एक माणूस, थोड्या नोंदींवर, काही मिनिटे काम करतो. त्यामुळे गर्दीच्या भाराखाली प्रणाली कशी वागते, सुरक्षेत कोठे छिद्र आहे किंवा वर्षभराची माहिती साठल्यावर वेग किती राहतो, हे त्यातून समजत नाही.

याचे एक नोंदवलेले उदाहरण अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेच्या 'सेंटिनेल' प्रकल्पात आढळते. तपासाची कागदपत्रे संगणकावर आणण्याचा या संस्थेचा आधीचा प्रकल्प २००५ साली मोठा खर्च होऊन सोडून द्यावा लागला होता. त्यानंतर २००६ साली कंत्राटदारामार्फत सेंटिनेलचे काम सुरू झाले, पण ते रेंगाळल्याने २०१० साली संस्थेने सूत्रे स्वतःकडे घेतली आणि लहान चमू, दोन आठवड्यांचे स्प्रिंट व प्रत्येक स्प्रिंटअखेर प्रात्यक्षिक अशी पद्धत स्वीकारली. प्रात्यक्षिकांमुळे काम किती झाले आहे हे देखरेख करणाऱ्यांना अहवालांऐवजी पडद्यावर दिसू लागले. तरीही ऑक्टोबर २०११ मध्ये शेकडो वापरकर्त्यांना एकाच वेळी बसवून घेतलेल्या चाचणीत प्रणाली दोनदा बंद पडली. उपलब्ध यंत्रसामग्री तो भार पेलू शकत नव्हती, आणि स्प्रिंटअखेरच्या कोणत्याही प्रात्यक्षिकात हे दिसण्याचा संभव नव्हता. यंत्रसामग्री बदलल्यावर जुलै २०१२ मध्ये सेंटिनेल संपूर्ण संस्थेत वापरात आले.

दुसरी मर्यादा उपस्थितांची असते. आढाव्याला येणारे लोक वापरकर्त्यांचे प्रतिनिधी असतात, सर्व वापरकर्ते नव्हेत. एका गावच्या संस्थेतील सचिवांनी मागितलेली सोय दुसऱ्या गावी निरुपयोगी ठरू शकते. म्हणून अनेक संस्थांसाठी एकच प्रणाली करणारे चमू आढाव्याला आळीपाळीने वेगवेगळ्या संस्थांतील व्यक्तींना बोलावतात, आणि एखादा अभिप्राय किती ठिकाणांहून आला याची खूण बॅकलॉग नोंदीवर करून ठेवतात.